अर्धा रस्ता चाळीसनं

आमच्या शाळेत सातवीला गणित शिकवणाऱ्या बाईंना पोरं 'पटतंका बाई' म्हणायची. तोंडावर नाही हो, पाठीमागे. तोंडावर बोलायची कुणाची छाती होती? पण नाव अगदी फिट्ट होतं. पोरानं फळ्यावर उत्तर लिहिलं, की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "पटतं का?" सायकलवाला ताशी एकशे पन्नास किलोमीटरनं गेला असं उत्तर आलं, तर पोरानं खाली स्वतःच्या हातानं लिहायचं, 'पटत नाही'. आणि मग चूक शोधायची. नुसता आकडा लिहिलेला चालायचा नाही. "साठ काय? साठ वांगी?" एकक लिहायचं, आणि उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचं. वाक्य नसेल तर एक गुण कापलाच म्हणून समजा.

मी त्या शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर. पोरं मला काका म्हणतात, म्हणून बाईही काकाच म्हणायच्या, मी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान असून. मी एकदा तक्रार केली, तर म्हणाल्या, "वय दोघांचंही ताशी एकाच वेगानं वाढतंय, तुम्ही मला कधी गाठणार नाही. काकाच राहा."

माझं पोरांना सोडायचं काम सकाळी साडेआठला संपतं. मग दुपारपर्यंत मी व्हॅन सातवीच्या वर्गाच्या खिडकीखाली लावून बसतो, तिथं सावली असते. फुकटात सात वर्षं गणित ऐकलंय मी. आणि सरासरी वेगाचा धडा आला की माझी बढती व्हायची. बाई मला मैदानात बोलवायच्या आणि स्टॉपवॉच हातात द्यायच्या.

तो धडा त्या वर्गात शिकवायच्याच नाहीत. दोरीनं मोजून फाटकापासून मोठ्या झाडापर्यंत साठ मीटर आखायच्या. एकेका पोरानं झाडापर्यंत टंगळमंगळ करत चालत जायचं आणि झाडाला हात लावून पळत परत यायचं. मी घड्याळ दाबायचो. जाताना साठ सेकंद, येताना वीस. अगदी तंतोतंत नाही यायचं, पण एखादी पोरगी बरोबर तेवढ्यातच यायची आणि बाई तिलाच धरून ठेवायच्या.

"जाताना वेग किती?"

"सेकंदाला एक मीटर."

"येताना?"

"सेकंदाला तीन मीटर."

"मग सरासरी?"

अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "दोन!" एक आणि तीन, मधले दोन. कुणालाही वाटेल. मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं, आणि मीही जोरात ओरडलो होतो.

बाई हसायच्या. सापळ्यात उंदीर आला की माणूस हसतो ना, तसं. "पटतं का? एकूण अंतर सांगा. एकशे वीस मीटर. एकूण वेळ? काका, वाचा." मी वाचायचो, "ऐंशी सेकंद." "भागा." दीड यायचा. दोन नाही, दीड. पोरांची तोंडं बघण्यासारखी व्हायची.

मग त्या समजावून सांगायच्या, आणि ते मला आजही पाठ आहे. "अंतर दोन्हीकडे सारखं आहे, वेळ सारखा नाही. चालण्यात साठ सेकंद गेले, पळण्यात फक्त वीस. ज्या वेगात तुम्ही जास्त वेळ काढता, सरासरी त्याच्याच बाजूला झुकते. हळू चालणारा माणूस सरासरीला आपल्याकडे ओढतो. म्हणून वेगांची बेरीज करून दोननं भागायचं नाही. एकूण अंतर भागिले एकूण वेळ. दुसरा रस्ता नाही."

कुणी विचारायचं, बाई, ताशी किती किलोमीटर? तर सूत्र द्यायच्या नाहीत. "तासात सेकंद किती? छत्तीसशे. मग सेकंदाला दीड मीटर जाणारा तासात किती मीटर जाईल? पाच हजार चारशे. किलोमीटर किती झाले? पाच पूर्णांक चार. झालं. अठरा पंचमांशानं गुणा असं पाठ करू नका, ते अठरा आणि पाच कुठून आले ते बघा."

त्या दिवसापर्यंत सहा वर्षं ते घड्याळ माझ्या हातात होतं. हे एवढ्यासाठी सांगतोय, की पुढं जे झालं त्यात मला 'मला काय ठाऊक' म्हणायची सोय नाही.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. आई होती, ती नऊ वर्षांपूर्वी गेली. एक थोरला भाऊ, तो एकशे वीस किलोमीटरवरच्या शहरात. त्यांच्या टेबलाच्या खणात त्या भावाचा एक जुना फोटो होता, सायकलवर पुढच्या दांडीवर बसलेली एक चिमुरडी आणि मागं दात काढून हसणारा पोरगा. खण उघडला की फोटो दिसायचा आणि बाई त्यावर उत्तरपत्रिका ठेवून द्यायच्या. भावाशी बोलणं नव्हतं. एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं.

त्या दिवशी सकाळी साडेआठला मी पोरांना उतरवून काच पुसत होतो. बाई फोन कानाला लावून फाटकाशी उभ्या होत्या. फोन ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "काय झालं बाई?"

"दादा दवाखान्यात आहे. हृदयाचं ऑपरेशन आहे. उद्या होतं, आज बारावर आणलंय. वहिनी म्हणते, बारा वाजता आत नेतील, त्याच्या आधी ये. तो आठवण काढतोय."

मुख्याध्यापिकाबाईंनी एका शब्दात व्हॅन दिली. दुपारची पोरं सोडायला त्यांनी दुसरी सोयही लावली. म्हणाल्या, आत्ता निघा. आता त्या सकाळी सातवीची घटक चाचणी होती, पावणेनऊ ते पावणेदहा. विषय कुठला, सांगायला नकोच. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मी बसते वर्गात. जा तुम्ही."

बाई माझ्याकडे वळल्या. "काका, रस्ता कसा आहे?"

मी महिन्यातून दोनदा त्या रस्त्यानं जातो. मला खड्डा नि खड्डा पाठ. म्हटलं, "पुलापर्यंत साठ किलोमीटर, तिथवर काम चालू आहे, खडी टाकलीय. चाळीसच्या वर गाडी जात नाही. पुलानंतर साठ किलोमीटर लोण्यासारखा रस्ता. तिथं ऐंशीनं काढतो."

"सरासरी किती पडेल?"

आणि मी, सहा वर्षं घड्याळ धरणारा शहाणा, म्हणालो, "अर्धा चाळीस, अर्धा ऐंशी. साठ धरा की."

"साठ," बाई म्हणाल्या. "एकशे वीस भागिले साठ. दोन तास. नऊ पन्नासला निघालो तर अकरा पन्नासला पोचू. दहा मिनिटं आधी." आणि मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाल्या, "चाचणी मीच घेते. वेळ आहे."

त्यांनी 'पटतं का' विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं नसेल. मी नुसता काच पुसत राहिलो.

त्या तासाभरात त्या वर्गात फेऱ्या मारत होत्या आणि मी खिडकीखाली बसून होतो. माझ्या डोक्यात आलं, कशाला थांबायचं, लवकर पोचलो तर काय बिघडेल? पण मी बोललो नाही. बाईंनी हिशेब केलाय म्हटल्यावर ड्रायव्हरनं कशाला तोंड घालायचं! बरोबर पावणेदहाला त्यांनी पेपर गोळा केले, दोरीनं बांधले आणि गठ्ठा तसाच घेऊन व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसल्या. नऊ पन्नासला आम्ही फाटकाबाहेर पडलो. मी घड्याळ बघितलं होतं.

खडीच्या रस्त्यावर माणसं बोलतात. समोर बघत बोलायचं असतं, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. वीसेक किलोमीटर झाले. मग बाई आपणहून म्हणाल्या, "गणित मला दादानं शिकवलं. शाळेत नाही काही. सायकलवर पुढं बसवायचा आणि विजेचे खांब मोजायला लावायचा. दोन खांबांमध्ये पन्नास मीटर, मोज किती सेकंद लागले, सांग आपण कितीनं चाललोय. उत्तर चुकलं की सायकल थांबवायचा. बरोबर येईस्तोवर पुढं नेत नसे. एकदा शाळेला तासभर उशीर झाला त्यापायी."

मी हसलो. त्याही हसल्या, पण लगेच थांबल्या.

"आई गेली तेव्हा तो चाळीस मिनिटं उशिरा आला. मी निरोप सकाळी दिला होता. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. तो आला, आणि दारातच सगळ्यांसमोर मी त्याला म्हणाले, तुला गणित येतं ना? मग तासभर आधी निघायचं कळलं नाही? तो मान खाली घालून आत गेला. सगळं आटोपल्यावर निघून गेला. नऊ वर्षं झाली. मी फोन केला नाही. त्यानं केले, मी उचलले नाहीत."

मी म्हटलं, "आता भेटाल की. बोलून टाका."

"म्हणूनच दहा मिनिटं ठेवलीत," बाई म्हणाल्या. "चुकलं माझं, एवढंच म्हणायचंय. त्याला दहा मिनिटं खूप झाली. तासभर समोर बसले तर तो विचारेल, नऊ वर्षं का? त्याचं उत्तर नाही माझ्याकडे."

तेव्हा मला कळलं चाचणीला का थांबल्या ते. भीती वाटत होती हो बाईला. सातवीच्या पोरांना चळाचळा कापायला लावणारी बाई, सख्ख्या भावासमोर तासभर बसायला घाबरत होती. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगतो, कीवही आली. पण गाडी चालवत होतो, खड्डे चुकवत राहिलो.

रोडरोलर, खडीचे ढीग, लाल झेंडे दाखवणारे मजूर. काटा चाळीसवर ठेवायलाही कसरत करावी लागत होती. पूल आला. मैलाच्या दगडावर साठ लिहिलं होतं. बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"काका, किती झाले?"

"साठ बरोबर. अर्धे झाले." मी खुशीत म्हटलं. आता लोण्यासारखा रस्ता होता ना!

"अकरा वीस झालेत," बाई म्हणाल्या.

मला पटकन कळलं नाही. नऊ पन्नास ते अकरा वीस, दीड तास. अर्ध्या रस्त्याला दीड तास. मग कळलं. दोन तासांतले दीड तास संपले होते आणि साठ किलोमीटर उरले होते.

बाई मोठ्यानं बोलत होत्या, फळ्यासमोर बोलतात तशा, फक्त आवाज बसलेला. "साठ भागिले चाळीस, दीड तास. साठ भागिले ऐंशी, पाऊण तास. एकूण सव्वादोन तास. एकशे वीस भागिले सव्वादोन, त्रेपन्न आणि थोडे. साठ नाहीत. काका, साठ कुठून आले?"

"मी म्हणालो होतो, बाई." मी कबूल केलं. "माझ्या तोंडातून गेलं."

"तुम्ही म्हणालात. शिकवते मी."

मी ॲक्सिलरेटर दाबला. काटा ऐंशीवर गेला आणि थांबला. शाळेची व्हॅन आहे, तिला वेगाला कुलूप असतं. इंजिनाला पेटी बसवून सील मारलेलं असतं, ऐंशीच्या पुढं गाडी जातच नाही. पोरांच्या जिवासाठी असतं ते, आणि ते असायलाच हवं, मी स्वतः त्याच्या बाजूनं मुख्याध्यापिकाबाईंशी बोललेला माणूस आहे. त्या दिवशी मात्र ते सील दातांनी तोडावंसं वाटलं.

"बारापर्यंत चाळीस मिनिटं," बाई म्हणाल्या. "चाळीस मिनिटं म्हणजे तासाचे दोन तृतीयांश. साठ भागिले दोन तृतीयांश. नव्वद लागतील. नव्वदनं जाते का?"

"नाही, बाई."

"ऐंशीनं चाळीस मिनिटांत त्रेपन्न किलोमीटर. सात कमी पडतात."

थोड्या वेळानं बघितलं तर बाई खिडकीबाहेर बघत बोटांनी काहीतरी मोजत होत्या. रस्त्याच्या कडेला दर दोनशे मीटरला छोटे दगड होते. एका दगडाशी घड्याळ बघायच्या, पुढच्या दगडाशी परत बघायच्या.

"काय करताय?"

"काटा कधी कधी खोटं बोलतो ना," त्या म्हणाल्या. "म्हटलं आपण खरं जोरात जात असू. दगडांना विचारते."

नऊ सेकंद. पुढचा दगड, नऊ सेकंद. तिसरा, नऊ. दोनशे भागिले नऊ, सेकंदाला बावीस मीटर आणि वर दोन नवमांश. अठरानं गुणायचं, पाचानं भागायचं. ऐंशी. काटा खरं बोलत होता. बाईंनी हात मांडीवर ठेवला आणि मोजायचं थांबवलं. मला इतकं वाईट वाटलं की डोळे पुसायला गाडी थांबवावी असं वाटलं, पण थांबवायची कशी? एक सेकंद कुठं शिल्लक होता?

वीस किलोमीटर उरल्याचा दगड दिसला तेव्हा अकरा पन्नास झाले होते. आमच्या हिशेबानं आम्ही त्या वेळी दवाखान्याच्या दारात असायला हवं होतं. बाईंनी वहिनीला फोन लावला आणि मोठा आवाज ठेवला, गाडीच्या आवाजात कानाशी धरून ऐकू येत नव्हतं.

"वहिनी, पाच मिनिटं थांबवता येईल का?"

"अगं, विचारलं मी. त्यांचं सगळं ठरलेलं असतं, डॉक्टर आत तयार आहेत. स्ट्रेचर आलंय. कुठवर आलीस?"

"दादाला फोन दे."

"कसा देऊ? कानातलं मशीन काढून घेतलंय, माझ्याकडे रुमालात आहे. मशीनशिवाय त्याला फोनवर ढिम्म कळत नाही. तोंडाकडे बघून तेवढं समजतो. काय सांगू त्याला? मी सांगते."

मी वाट बघत होतो. म्हणा, बाई, म्हणा. चुकलं माझं. दोन शब्द आहेत. वहिनी ओठ हलवून सांगेल त्याला. बाईंनी गठ्ठ्याची दोरी बोटाला गुंडाळली.

"सांग... सांग, मी येतेय."

पलीकडे वहिनी सावकाश, मोठ्यानं बोललेली ऐकू आली. ये-ते-य. मग थोडं थांबून ती म्हणाली, "तो विचारतोय, कितीनं येतेस?"

बाईंचा चेहरा असा झाला की मी रस्त्याकडे बघू की त्यांच्याकडे, कळेना. "ऐंशीनं."

"ऐं-शी-नं. आता विचारतोय, उरलेत किती?"

"वीस किलोमीटर."

"वी-स." मग मागून एक म्हातारा, खरखरीत आवाज आला. काय म्हणाला ते आम्हाला समजलं नाही. वहिनीनं सांगितलं. "म्हणतो, पंधरा मिनिटं. बारा पाच. आणि म्हणतो..." वहिनीला हुंदका आला. "म्हणतो, उशीर झाला तर होऊ दे, होतो कधी कधी. गाडी हळू आणायला सांग."

फोन बंद झाला. वीस किलोमीटर ऐंशीनं. सायकलच्या दांडीवरचं गणित होतं ते, आणि त्यानं स्ट्रेचरवर झोपून, मशीनशिवाय, एका दमात सोडवलं होतं. बाई रडल्या. आवाज न करता, गठ्ठ्यावर डोकं टेकून. वरच्या पेपरवरची शाई पसरली.

बारा पाचला मी व्हॅन दवाखान्याच्या पायऱ्यांशी लावली. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. बाई चपला हातात घेऊन धावल्या, मी मागं. दुसऱ्या मजल्यावर लांब बोळ होता, टोकाला दोन पाती असलेलं दार, वर लाल दिवा लागलेला. वहिनी बाकावर बसली होती, मांडीवर रुमाल. ती म्हणाली, "बाराला नेलं गं. दार बंद होईस्तोवर मान वळवून बोळाकडे बघत होता."

त्यांची आईही दाराकडे बघत होती. हे मी मनात म्हटलं, पण बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांनाही तेच आठवलं.

तीन तास आम्ही त्या बाकावर होतो. बाईंनी वहिनीच्या हातातला रुमाल स्वतःकडे घेतला आणि मशीन मुठीत धरून बसल्या. मध्येच मला म्हणाल्या, "शुद्धीवर आला की हे मीच कानात घालीन, आणि मग बोलेन." मी म्हटलं, "हो, बाई, चांगलं मोठ्यानं बोला." सव्वातीनला दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आधी डोक्यावरची टोपी काढली. त्यांनी तोंड उघडायच्या आधी मला कळलं होतं.

बाई पंधरा दिवस शाळेत आल्या नाहीत. त्या पंधरा दिवसांत मी एका रात्रीचं जेवण धड जेवलो नाही. बायको म्हणायची, तुम्ही काय मुद्दाम केलंत का? मुद्दाम नाही गं. पण साठ माझ्या तोंडचे होते. शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं की बाई पाच मिनिटांनी चुकल्या, का चुकल्या ते कुणाला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, बाई आल्या की सांगतील, या माणसानं साठ सांगितले. सांगावंच त्यांनी. निदान मला शिव्या तरी मिळतील.

सोळाव्या दिवशी त्या आल्या. वर्गात जाताना व्हॅनपाशी थांबल्या, म्हणाल्या, "काका, खिडकीखालून हलू नका आज." बस, एवढंच.

त्यांनी चाचणीचे पेपर वाटले. चौथा प्रश्न नेहमीचाच होता, जाताना ताशी चाळीस, येताना ताशी साठ, सरासरी काढा. उत्तर अठ्ठेचाळीस येतं. सत्तावीस पोरांपैकी एकोणीस जणांनी पन्नास लिहिले होते. दरवर्षी बाई त्या पन्नासभोवती लाल गोल काढायच्या आणि शेजारी लिहायच्या, 'पडलात!' या वेळी कुणाच्याच पेपरावर लाल गोल नव्हता. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

बाईंनी फळ्यावर नवं गणित लिहिलं. खिडकीतून मला अक्षर न् अक्षर दिसत होतं. एक बहीण आजारी भावाला भेटायला निघाली. अंतर एकशे वीस किलोमीटर. पहिले साठ किलोमीटर ताशी चाळीसनं, पुढचे साठ ताशी ऐंशीनं. ती नऊ पन्नासला निघाली. भाऊ बारापर्यंतच भेटणार होता. ती किती वाजता पोचली?

"सरासरी साठ!" पोरं ओरडली. "दोन तास! अकरा पन्नास! दहा मिनिटं आधी पोचली, बाई!"

"पटतं का?"

पोरं परत वहीत बघायला लागली. मग मागच्या बाकावरची एक पोरगी, जिच्या पेपरवर त्या दिवशी पन्नासच होते, बोटांवर मोजत हळूहळू म्हणाली, "नाही, बाई. पहिल्या अर्ध्याला दीड तास. दुसऱ्याला पाऊण. सव्वादोन तास होतात. बारा पाच." आणि मग, पोरंच ती, तिनं विचारलं, "पण मग तिनं साठ का धरले? तिला गणित येत नव्हतं का?"

"येत होतं. तिला अकरा पन्नासच हवे होते. म्हणून तिनं तपासलं नाही."

"तिला कुणी चुकीचं सांगितलं होतं का, बाई?"

मी स्टेअरिंग घट्ट धरलं. बाईंनी एकदा खिडकीकडे बघितलं, सरळ माझ्याकडे.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिनं स्वतःच धरले."

मग त्या फळ्याकडे वळल्या. "आता उत्तर वाक्यात लिहायचं. नुसता आकडा चालणार नाही." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बहीण पाच मिनिटं उशिरा पोचली.'

सत्तावीस पोरांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. बाई खडू हातात धरून वाट बघत उभ्या होत्या, सगळ्यांचं लिहून होईपर्यंत.